फीवाढ आणि शिक्षकांच्या नेमणुका एकाच इतिवृत्तात: सही करावी का?

दप्तरवाला
नमस्कार मंडळी. माझी मुलगी तालुक्याच्या गावातल्या एका विनाअनुदानित, राज्य मंडळाच्या शाळेत सहावीत आहे. गेल्या जुलैमध्ये चिठ्ठ्या टाकल्या, त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर सहावीचा पालक म्हणून माझे नाव निघाले. 21 मार्चला शाळेत सभा झाली. काल शाळेचा शिपाई इतिवृत्ताची वही घेऊन घरी आला आणि "मुख्याध्यापक सरांनी सही मागितली आहे" म्हणाला. वाचून उद्या देतो असे सांगून मी वही ठेवून घेतली आहे. तिच्यातला मजकूर जसाच्या तसा देतो. नावे तेवढी गाळली आहेत.

"शाळा व्यवस्थापन समितीची सभा दि. 21 मार्च रोजी सकाळी 11 वाजता मुख्याध्यापकांच्या दालनात झाली. गणपूर्ती असल्याने सभेचे कामकाज सुरू करण्यात आले. ठराव क्र. 3 : खालील चार शिक्षकांच्या नेमणुकांना मान्यता देण्यात येत आहे. ठराव क्र. 5 (आयत्या वेळचा विषय) : नवीन नेमणुका व वाढता खर्च विचारात घेता पुढील शैक्षणिक वर्षापासून वार्षिक फी रु. 42,000 वरून रु. 56,000 करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे."

प्रत्यक्षात त्या दिवशी फीचा तक्ता भिंतीवर पडद्यावर दाखवला, दोघा पालकांनी प्रश्न विचारले, अध्यक्ष "बघू, विचार करू" म्हणाले आणि तेवढ्यात चहा आला. मतदान झाले नाही आणि ठराव कोणी वाचूनही दाखवला नाही. मी त्या दिवशी हजेरीच्या कागदावर सही केली होती, हे मात्र खरे आहे. नेमणुकांबद्दल माझी काही तक्रार नाही, शिक्षक हवेतच. आता या इतिवृत्तावर सही करावी की नाही?

गोदाकाठ
आपल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि अध्यक्षही पालकच असतो. आमच्या जिल्हा परिषद शाळेत मी दोन वर्षे सदस्य होते. पालकांचे बहुमत असताना असा ठराव होतोच कसा? पुढच्या सभेत बहुमताने तो रद्द करा. शिवाय शिक्षण हक्क कायद्यात फी घेताच येत नाही ना?

दप्तरवाला
ताई, आमची शाळा खासगी आणि विनाअनुदानित आहे. अध्यक्ष पालक नाहीत, संस्थेचे सचिव आहेत. सभेला संस्थेचे चार जण, मुख्याध्यापक, तीन शिक्षक आणि आम्ही पाच पालक होतो.

जुना_कारकून
एका खासगी संस्थेच्या शाळेत 31 वर्षे कार्यालयात काढली, त्यातली शेवटची 12 मुख्य लिपिक म्हणून. इतिवृत्ते लिहिण्यातच हाताची बोटे झिजली, म्हणून सविस्तर लिहितो.

गोदाकाठ ताईंनी सांगितलेली समिती शिक्षण हक्क कायद्यातली आहे आणि ती सरकारी व अनुदानित शाळांसाठी आहे. आपल्या शाळेत ती कायद्याने बंधनकारक नाही. संस्थेने हौसेने त्या नावाची समिती केली असेल तर हरकत नाही, परंतु त्या समितीला फी मंजूर करण्याचा अधिकार नाही आणि शिक्षक नेमण्याचाही नाही. या इतिवृत्ताचा खरा दोष फी किती वाढली हा नाही. ज्या नावाने ते लिहिले आहे, त्या नावाच्या समितीचे हे काम नाही, हा आहे.

फी मंजूर करण्याचे काम पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे, म्हणजे ज्या समितीवर आपले नाव चिठ्ठीने आले तिचे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 यात तिची रचना दिलेली आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. संस्थेचे सचिव त्या खुर्चीत बसू शकत नाहीत. फीचा प्रस्ताव मांडणारी बाजू संस्थेची आहे. तो मंजूर करणाऱ्या सभेचे अध्यक्षस्थानही तिच्याकडेच गेले, तर मंजुरी मागणारा आणि देणारा एकच झाला.

शिक्षकांच्या नेमणुकांचे काम आणखी वेगळ्या समितीचे आहे. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम 1977 चा आहे आणि त्याची नियमावली 1981 ची. त्या नियमावलीत शाळा समिती म्हणून जी आहे, तिच्यात संस्थेचे चार प्रतिनिधी, ज्येष्ठतेनुसार आळीपाळीने येणारा एक कायम शिक्षक आणि पदसिद्ध सचिव म्हणून मुख्याध्यापक असतात. पालक तिच्यात नसतात. मुख्याध्यापक व साहाय्यक मुख्याध्यापक सोडून बाकीच्या नेमणुका ही समिती करते, आणि उमेदवारांच्या मुलाखती तिनेच समक्ष घ्यायच्या असतात. तेव्हा ठराव क्र. 3 वर पालक म्हणून आपली सही मागणेच चुकीचे आहे. सही केल्याने नेमणूक पक्की होत नाही आणि न केल्याने अडतही नाही.

आमच्या कार्यालयात यासाठी लाल कापडी पाठीच्या तीन वेगळ्या वह्या असत : संस्थेच्या कार्यकारी मंडळाची, शाळा समितीची आणि पालक-शिक्षक संघाची. एकदा घाईत एका नेमणुकीचा ठराव संघाच्या वहीत लिहिला गेला. चार वर्षांनी त्या शिक्षकाचे प्रकरण शाळा न्यायाधिकरणात गेले, तेव्हा समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला : "यांना नेमले कोणी?" आमच्याकडे उत्तर नव्हते. वही मीच लिहिली होती.

सरळमार्गी
इतके खोलात कशाला जायचे? कायद्याने शाळेला दोन वर्षांतून एकदा 15 टक्के फी वाढवता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. 42,000 चे 15 टक्के म्हणजे 6,300, म्हणून 48,300 पर्यंत वाढ कायदेशीर आणि त्यावरची बेकायदा. एवढे एक वाक्य लिहून पत्र द्या, विषय संपला.

जुना_कारकून
सरळमार्गी साहेब, दोन वर्षांचे बरोबर आहे. एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक राहते. परंतु 15 टक्क्यांचा आकडा आपण भलत्या जागी लावत आहात. शाळा आपोआप 15 टक्के वाढवू शकते, असे अधिनियमात कुठेही नाही. व्यवस्थापनाने सुचवलेली फी आणि कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी यांतल्या फरकासाठी तो आकडा आहे.

दप्तरवाला यांच्याच शाळेचे उदाहरण घेऊ. संस्थेने 56,000 सुचवले आणि समजा कार्यकारी समितीने हिशेब पाहून 46,000 मंजूर केले. फरक 10,000 चा, म्हणजे 15 टक्क्यांपेक्षा बराच जास्त. अशा वेळी संस्थेला विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येते. संस्थेने 51,000 च सुचवले असते, तर फरक 5,000 चा, म्हणजे 15 टक्क्यांच्या आत राहिला असता आणि संस्थेला समितीचे 46,000 मान्य करावे लागले असते. म्हणजे समितीने 2 टक्के वाढ मंजूर केली तर 2 टक्के, आणि खर्च पटून 20 टक्के मंजूर केली तर 20 टक्के. आपण लिहिता तसे पत्र दिले, तर 48,300 आम्हाला मान्य आहे, असे पालकांनीच लिहून दिल्यासारखे होईल. संस्था ते पत्र जपून ठेवील.

सरळमार्गी
हे मला नवीन आहे. आमच्या शाळेत तर दर दोन वर्षांनी बरोबर 15 टक्के वाढवतात आणि कायद्याचेच नाव सांगतात.

जुना_कारकून
पुष्कळ ठिकाणी तसेच सांगतात. त्या वाढीचे इतिवृत्त मागून पाहा. ठराव असेल तर प्रश्न नाही.

हिशेबनीस
लेखापरीक्षणाच्या निमित्ताने शाळांचे ताळेबंद पाहण्यात येतात, म्हणून एक वेगळी गोष्ट सुचवतो. ठराव क्र. 5 मध्ये "नवीन नेमणुका विचारात घेता" असे म्हटले आहे. म्हणजे ठराव क्र. 3 हाच फीवाढीचा आधार केला आहे, आणि तो आधार किती वजन पेलतो, हे मोजता येते. चारही शिक्षकांचा पगार, फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, आणि या चार पदांपैकी खरोखर नवीन पदे किती, एवढे आपण सांगू शकाल का?

दप्तरवाला
पडद्यावरच्या तक्त्यात प्रत्येकी मासिक 28,000 होते. फी भरणारी मुले 480. चारपैकी दोन शिक्षिका गेल्या दिवाळीनंतर नोकरी सोडून गेलेल्या दोघींच्या जागी आल्या आहेत. उरलेली दोन पदे नवीन तुकडीसाठी आहेत.

हिशेबनीस
मग हिशेब असा होतो. एका शिक्षकाचा वर्षाचा पगार 3,36,000, चौघांचा 13,44,000. तो 480 मुलांवर विभागला तर प्रत्येकी 2,800 रुपये येतात. परंतु सोडून गेलेल्या दोघींचा पगार गेल्या वर्षीच्या खर्चात धरलेलाच होता. तो पुन्हा नवीन खर्च म्हणून दाखवणे म्हणजे एकच रक्कम दोनदा मोजणे. खरा वाढीव खर्च दोन पदांचा, 6,72,000 रुपये, म्हणजे प्रत्येक मुलामागे 1,400. मागितलेली वाढ 14,000 आहे, तेव्हा नेमणुका तिचा फक्त दहावा भाग समजावून सांगतात. शिवाय नवीन तुकडी भरली की तिची फीसुद्धा जमा होणार, ती या तक्त्यात धरली आहे का, तेही पाहावे.

उरलेले 12,600 अवाजवीच आहेत, असे मी म्हणत नाही. इमारतीची दुरुस्ती, जुन्या शिक्षकांच्या वेतनवाढी, मागची तूट, काहीही असू शकते, आणि शिक्षकांचे वेतन व देखभालीचा खर्च हे फी ठरवताना विचारात घ्यायचे घटक आहेतच. परंतु ठरावात ते कारण लिहिलेले नाही. "वाढता खर्च" हे दोन शब्द म्हणजे हिशेब नव्हे. प्रस्तावासोबत संबंधित कागदपत्रे समितीपुढे ठेवायची असतात. पडद्यावर पंधरा मिनिटे दाखवलेला तक्ता म्हणजे कागद दिले असे होत नाही. तो तक्ता सहीशिक्क्यासह मागून घ्या.

विश्वस्त_एक
मी एका छोट्या संस्थेचा विश्वस्त आहे आणि दुसरी बाजूही कोणी मांडावी, म्हणून लिहितो. आम्ही गेल्या वर्षी सगळे नियमाने केले. ऑक्टोबरमध्ये प्रस्ताव दिला, हिशेबाच्या प्रती प्रत्येकाला दिल्या. पहिल्या सभेला 11 पैकी तीन पालक आले आणि दुसऱ्या सभेला दोन. चिठ्ठीत नाव निघाले म्हणून आलेले लोक, त्यांना बिचाऱ्यांना वेळ नसतो. शेवटी कंटाळून लोक सगळ्यांची एकच मोठी सभा घेतात, एकच इतिवृत्त लिहितात आणि सह्या फिरवून आणतात. त्यात दरवेळी लबाडी असते असे नाही.

जुना_कारकून
विश्वस्त साहेब, आपला अनुभव खरा आहे, मीही तो घेतला आहे. परंतु कायद्याने त्यावर वाट ठेवली आहे. प्रस्ताव मिळाल्यापासून 30 दिवसांत कार्यकारी समितीने निर्णय घ्यायचा असतो. तिने तो घेतला नाही, तर संस्थेला विभागीय समितीकडे जाता येते. पालक येत नाहीत, हे इतिवृत्तात स्पष्ट लिहावे : "उपस्थित पालक दोन, सभा तहकूब." तो कागद संस्थेच्याच बाजूने उभा राहतो. "सर्वानुमते मंजूर" असे लिहिलेला खोटा कागद मात्र कोणाच्याच बाजूने उभा राहत नाही.

खडू_आणि_फळा
इथे नेमणुकांचा विषय निघाला आहे, म्हणून माझे विचारते. मी एका विनाअनुदानित शाळेत सलग चार वर्षे शिकवते. दर जूनमध्ये मला 11 महिन्यांचा आदेश मिळतो आणि मेमध्ये काम थांबते. दप्तरवाला यांच्या वहीतल्या ठरावासारखेच माझ्या आदेशातही "नेमणुकीस मान्यता" एवढेच आहे. पद कायम की तात्पुरते, हे कुठेच नाही. मी कायम झाले, असे म्हणता येईल का?

जुना_कारकून
ताई, आपला आदेश पाहिल्याशिवाय हो किंवा नाही सांगणे योग्य होणार नाही. तत्त्व एवढे आहे की कायम रिक्त पद पात्र उमेदवाराने भरायचे आणि त्याला दोन वर्षे परिवीक्षेवर नेमायचे. ती दोन वर्षे समाधानकारक पार पडली की तो कायम मानला जातो. तात्पुरत्या रिक्त जागेवर नेमले असेल, तर आदेशात मुदत लिहावी लागते. कायम पद असताना दरवर्षी 11 महिन्यांचे आदेश देत राहणे, यावर न्यायालयात दोन्ही बाजूंनी निकाल लागलेले आहेत. पद खरोखर रिक्त होते का, मुलाखत शाळा समितीने घेतली का आणि आपली पात्रता त्या दिवशी पूर्ण होती का, यावर बरेच अवलंबून असते. पहिलीपासून आठवीपर्यंत शिकवत असाल तर शिक्षक पात्रता परीक्षेचाही प्रश्न येतो. सगळे आदेश, पगाराच्या नोंदी आणि हजेरीपत्रकाच्या प्रती जमवा. कामावरून काढले तर न्यायाधिकरणात अपील करायला 30 दिवसच असतात, ते विसरू नका.

म्हणूनच नेमणुकीचा ठराव "मान्यता देण्यात येत आहे" एवढ्यावर सोडू नये. तो साधारण असा असावा :

"अमुक पद, विषय गणित व विज्ञान, इयत्ता सहावी ते आठवी, हे अमुक यांच्या राजीनाम्यामुळे दि. अमुकपासून कायम रिक्त आहे. दि. अमुकच्या जाहिरातीस अनुसरून सहा अर्ज आले. शाळा समितीने दि. अमुक रोजी पाच उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या. गुणानुक्रमे प्रथम आलेल्या श्रीमती अमुक यांची शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता मूळ प्रमाणपत्रांवरून तपासली असून त्यांना दि. अमुकपासून दोन वर्षांच्या परिवीक्षा कालावधीवर अमुक वेतनश्रेणीत नेमण्यात येत आहे. विहित नमुन्यातील नेमणूक आदेश मुख्याध्यापकांनी द्यावा व त्याची पोच घ्यावी."

हे वाचले की पद, कारण, निवड आणि मुदत या चारही गोष्टी पुढच्या माणसाला कळतात. चार नेमणुका असतील तर चार वेगळे ठराव लिहावेत. आमचे जुने मुख्याध्यापक म्हणत, एका ठरावात दोन माणसे कोंबली की भांडण एकाचे असले तरी दोघांना चावडीवर यावे लागते.

दप्तरवाला
मनापासून आभार. आता सहीचे सांगा. मी फक्त हजेरीची सही केली आहे. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "इतिवृत्तावरची सही म्हणजे तुम्ही हजर होतात एवढेच, संमती नव्हे."

जुना_कारकून
मग हजेरीची सही त्यांच्याकडे आहेच, दुसरी कशासाठी हवी? इतिवृत्तावर अध्यक्ष व सचिव सही करतात. बाकीच्या सदस्यांपुढे ते पुढच्या सभेत वाचून कायम करण्यासाठी येते. इतिवृत्त कायम करणे म्हणजे निर्णयाला पुन्हा मत देणे नव्हे. त्या दिवशी जे घडले तेच इथे लिहिले आहे, एवढीच ती साक्ष असते. आपण तर सांगता की ठराव वाचलाच गेला नाही. मग अशी साक्ष आपण कशी देणार?

वहीत खाडाखोड करू नका, समासात काही लिहू नका. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. विशेषतः ठराव क्र. 5 पानावर कुठे आहे ते पाहा. सह्यांच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात बसवला असेल, तर पुष्कळ काही कळते. वही परत करताना सोबत पत्र द्या, त्यात रागाचा एक शब्दही नको : "दि. 21 मार्चच्या सभेत फीवाढीचा तक्ता दाखवण्यात आला. तथापि त्यावर ठराव मांडण्यात आला नाही व मतही घेण्यात आले नाही. सबब ठराव क्र. 5 ही सभेतील कामकाजाची बरोबर नोंद नाही. माझा हा आक्षेप पुढील सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा. तसेच फीचा प्रस्ताव हिशेबासह कार्यकारी समितीपुढे ठेवावा." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शाळेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

आणखी एक. प्रस्ताव पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या किमान सहा महिने आधी समितीकडे यायला हवा. जूनला शाळा सुरू होते म्हटल्यावर ती वेळ डिसेंबरच्या मध्यावरच संपली. आयत्या वेळच्या विषयात, तोही मार्चमध्ये, फी येऊच शकत नाही.

दप्तरवाला
चार दिवसांनी लिहितो आहे. पत्र दिले, आवक क्रमांक मिळाला. ठराव क्र. 5 खरोखरच शेवटच्या तीन ओळींत, वेगळ्या शाईत आहे. आणखी दोन पालकांनीही तसेच पत्र दिले. काल मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितले की नेमणुकांचे ठराव शाळा समितीच्या वहीत स्वतंत्र लिहिले जातील आणि फीसाठी एप्रिलमध्ये कार्यकारी समितीची वेगळी सभा घेऊ. हिशेबाच्या प्रती आठ दिवस आधी देतो म्हणाले. परंतु नवी फी याच जूनपासून लागू होईल यावर संस्था ठाम आहे. एप्रिलमध्ये मंजूर झालेली फी जूनपासून घेता येते का?

विश्वस्त_एक
कार्यकारी समितीने स्वतः खुशीने मंजूर केली, तर सहा महिन्यांचा मुद्दा कोण काढणार? आमच्या सल्लागारांचे मत असे की समितीची मंजुरी हीच मुख्य गोष्ट आहे आणि मुदत ही व्यवस्थापनाने पाळायची शिस्त आहे.

जुना_कारकून
मला ते पटत नाही. पालकांना वर्ष सुरू होण्याआधी फी कळावी, न पटल्यास दाद मागायला वेळ मिळावा, म्हणून ती मुदत ठेवली आहे. माझ्या मते या जूनला 42,000 च घ्यावेत आणि एप्रिलचा निर्णय पुढच्या वर्षापासून लावावा. तरीही समितीनेच जूनपासून मंजूर केली तर वरच्या पातळीवर काय ठरेल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. 42,000 शेवटचे कोणत्या ठरावाने मंजूर झाले आणि त्याची दोन वर्षे कधी संपतात, तेवढे सभेच्या आधी शोधून ठेवा.

दप्तरवाला
तोच ठराव मागितला. जुनी वही सापडत नाही, असे कार्यालयातून सांगितले आहे. लेखी मागणी उद्या देतो.